भारताचा भिंतीवरचा नकाशा: आल्बर्स घ्यावं की लँबर्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळा आणि वाचनालयांसाठी मी भारताचे मराठी भिंतीनकाशे तयार करतो. शिक्षक, ग्रंथपाल, फ्लेक्स छापणारे आणि आता QGIS हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर स्वतःच शिकून नकाशा करू पाहणारी मुलं यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. आल्बर्स आणि लँबर्ट ही दोन प्रक्षेपणं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या दोन पद्धती. सगळे आकडे २५ लाखांत १ या नकाशाप्रमाणासाठी आहेत, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवरचे २५ किलोमीटर. तिरकेपणाचे आणि टक्क्यांचे आकडे पृथ्वी गोल धरून काढले आहेत. भिंतीवरच्या कामाला तेवढी बारकाई पुरते.

१. मोबाईलवर दिसतो तोच नकाशा मोठा करून छापला तर काय बिघडतं?

मोबाईलवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणात असतात. त्यात विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसतसं सगळं फुगत जातं. कन्याकुमारीजवळ ही फुगवट नगण्य असते, पण लेहजवळ ती लांबीत सुमारे २१ टक्के होते. जमिनीवर सारख्याच क्षेत्रफळाचे दोन तुकडे घेतले, एक कन्याकुमारीजवळचा आणि एक लेहजवळचा, तर छापलेल्या नकाशावर लेहचा तुकडा ४३ टक्के मोठा दिसतो. गल्ली शोधायला याने काही अडत नाही. पण अख्खा देश एका नजरेत दाखवणाऱ्या नकाशावर ही चूक रोज मुलांच्या डोळ्यांसमोर राहते. पुढच्या सगळ्या प्रश्नांत ज्या एक-दोन टक्क्यांचा काथ्याकूट केला आहे, तो या ४३ टक्क्यांशेजारी ठेवून वाचा.

२. आल्बर्स आणि लँबर्ट दोन्ही शंकू प्रक्षेपणंच ना? मग फरक नेमका कुठे?

दोन्हींत रेखावृत्तं सरळ असतात आणि वर एका बिंदूकडे झुकतात. अक्षवृत्तं त्याच बिंदूभोवतीच्या वर्तुळांचे कंस असतात. दोन अक्षवृत्तं आपण निवडायची आणि त्यांच्यावर नकाशाप्रमाण तंतोतंत खरं ठेवायचं. त्यांना प्रमाण अक्षवृत्तं म्हणतात. इथपर्यंत दोघं जुळे भाऊ आहेत. फरक आहे तो अक्षवृत्तांमधलं अंतर किती ठेवायचं यात.

जोहान हाइनरिख लँबर्ट यांनी १७७२ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणात एखाद्या ठिकाणी पूर्व-पश्चिम जेवढी ताणली जाते, तेवढीच उत्तर-दक्षिणही ताणली जाते. त्यामुळे त्या ठिकाणचे कोन आणि लहान आकार शाबूत राहतात, पण क्षेत्रफळ बदलतं. हाइनरिख ख्रिस्तियान आल्बर्स यांनी १८०५ मध्ये उलटी वाट धरली. पूर्व-पश्चिम जेवढी ताणली तेवढीच उत्तर-दक्षिण दाबायची. मग क्षेत्रफळ राहतं, आकार किंचित चेपतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर नकाशावर तीन ठिकाणी १०० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळं काढा: जबलपूरभोवती, कन्याकुमारीभोवती आणि लडाखच्या उत्तर टोकाशी. कागदावर प्रत्येकाचा व्यास ८० मिलिमीटर यायला हवा. १३ आणि ३२ अंश ही प्रमाण अक्षवृत्तं धरली, तर लँबर्टमध्ये तिन्ही वर्तुळं बांगडीसारखी गोलच राहतात, पण जबलपूरची बांगडी ७९ मिलिमीटर होते आणि लडाखची ८१.६. आल्बर्समध्ये जबलपूरचं वर्तुळ ७९ रुंद आणि ८१ उंच होतं, लडाखचं ८१.७ रुंद आणि ७८.३ उंच. म्हणजे बांगडी जराशी दाबली जाते, पण आतली जागा तेवढीच राहते. कन्याकुमारीचं वर्तुळ लडाखच्याच वळणावर जातं, फक्त थोडं सौम्य.

मी हे कागदावर छापून, कापून, एकमेकांवर ठेवून शिक्षकांना दाखवतो. लँबर्टची लडाखची चकती जबलपूरच्या चकतीभोवती सव्वा मिलिमीटर बाहेर डोकावते. चकतीच्या कडेला बोट फिरवलं की जे कळतं ते पाऊण तास फळ्यावर समजावून कळत नाही.

३. मग भिंतीवर कोणतं लावायचं? एका वाक्यात सांगा.

आल्बर्स.

कारण सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहणारा माणूस राज्यं एकमेकांशी ताडून पाहतो. राजस्थान केवढं, केरळ केवढं, आपला जिल्हा त्यात केवढा. पावसाचं, ऊसाचं किंवा लोकसंख्येच्या घनतेचं रंगवलेलं चित्र असेल तर रंगाने किती जागा व्यापली हेच तो वाचतो. त्याला क्षेत्रफळ लागतं. लँबर्टचा खास गुण म्हणजे एका बिंदूपाशी खरे राहणारे कोन, आणि शाळेच्या भिंतीपाशी कोनमापक घेऊन कुणी उभं राहत नाही. आल्बर्समध्ये कोन बिघडतात ते लडाखच्या टोकाशी जास्तीत जास्त अडीच अंशांच्या आत, मध्य भारतात दीड अंशाच्या आसपास. ते डोळ्याला दिसत नाही.

हेही मान्य करायला हवं की भारतापुरता दोघांमधला फरक फार मोठा नाही. लँबर्टमध्ये मध्य भारत क्षेत्रफळात २.७ टक्के कमी आणि उत्तर टोक ३.९ टक्के जास्त, म्हणजे वाईटात वाईट तुलनेत ७ टक्क्यांची तफावत. कुणी आधीच चांगला लँबर्ट नकाशा लावला असेल तर तो उतरवायची गरज नाही. पण नवीन करताना, ज्या गुणाचा उपयोग आहे तो फुकटात मिळत असेल तर तो घ्यावा. लँबर्ट कधी घ्यावं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. एवढ्याशा फरकाने खरंच काही उलटसुलट होतं का?

होतं, आणि उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. मध्य प्रदेश ३,०८,२५२ चौरस किलोमीटर, महाराष्ट्र ३,०७,७१३. फरक साडेपाचशे चौरस किलोमीटरांपेक्षा कमी, टक्क्यांत ०.२ सुद्धा नाही. लँबर्टमध्ये १३ आणि ३२ च्या मधोमध, २२.६ अंशांच्या आसपास, नकाशा सगळ्यात जास्त आक्रसतो. मध्य प्रदेश नेमका तिथे बसला आहे. महाराष्ट्र दक्षिणेकडे १३ अंशांच्या दिशेने सरकलेला असल्यामुळे थोडा कमी आक्रसतो. परिणामी लँबर्टच्या कागदावर दोन्ही राज्यं तीन लाखांच्या जवळ येतात आणि महाराष्ट्र काहीशे चौरस किलोमीटरांनी मोठा ठरतो. क्रम उलटतो.

डोळ्याला हे दिसणार नाही. पण राज्यांच्या क्षेत्रफळाची पट्टी नकाशाच्या बाजूला छापायची म्हणून कुणी QGIS मधून आकडे काढले की तिथे गफलत होते. तिथे `$area` प्रोजेक्टमध्ये लंबगोल निवडलेला असेल तर पृथ्वीच्या वक्र पृष्ठावरचं क्षेत्रफळ देतं, आणि `area($geometry)` सपाट कागदावरचं. थर लँबर्टमध्ये असेल तर दुसरा आकडा चुकतो. आल्बर्समध्ये असेल तर दोन्ही जुळतात. आकडे जुळतात की नाही हे पाहणं हीच आपला थर नेमका कशात आहे याची सोपी परीक्षा.

५. प्रमाण अक्षवृत्तं १३ आणि ३२ च का? कुणी ठरवली?

एक जुना ठोकताळा आहे. देशाचा दक्षिणोत्तर पसारा अंशांत काढायचा, त्याचे सहा भाग करायचे, खालून एक भाग वर आणि वरून एक भाग खाली अशी दोन अक्षवृत्तं घ्यायची. भारताची मुख्य भूमी साधारण ८ ते ३७ अंश उत्तर, पसारा २९ अंश. त्याचा सहावा भाग ४.८. मग १२.८ आणि ३२.२. पूर्णांकात १३ आणि ३२.

यामागचं कारण असं की दोन प्रमाण अक्षवृत्तांच्या मध्ये नकाशा एका दिशेने चुकतो आणि त्यांच्या बाहेर उलट्या दिशेने. ती खूप जवळ घेतली तर कडा बिघडतात, खूप लांब घेतली तर मधला भाग बिघडतो. सहाव्या भागाने दोन्हीकडची चूक जवळपास सारखी होते: आपल्याकडे मध्ये १.४ टक्के, कडांना २ टक्क्यांच्या आसपास. कुणी १२ आणि ३२ घेतलं तरी फारसं काही बदलत नाही. पण अमेरिकेच्या नकाशाची २९.५ आणि ४५.५ तशीच उचलली तर मात्र घोटाळा होतो, कारण मग आपला अर्ध्याहून अधिक देश त्या पट्ट्याच्या खाली लोंबतो.

६. QGIS मध्ये हे भरायचं कसं? तयार कोड नाही का?

सेटिंग्जमध्ये स्वतःचं प्रक्षेपण तयार करण्याची खिडकी आहे. तिथे नवीन नाव द्या, प्रकार PROJ ठेवा आणि ही ओळ टाका:

```
+proj=aea +lat_1=13 +lat_2=32 +lat_0=22 +lon_0=82.5 +x_0=0 +y_0=0 +datum=WGS84 +units=m +no_defs
```

लँबर्ट हवं असेल तर `aea` च्या जागी `lcc`, बाकी तेच. `lat_0` मुळे आकार बदलत नाही, फक्त निर्देशांक मोजायला सुरुवात कुठून होते ते बदलतं. `lat_1` आणि `lat_2` ची अदलाबदल झाली तरी नकाशा तोच येतो, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लँबर्टसाठी तयार कोड आहे: EPSG:7755, भारताच्या राष्ट्रीय चौकटीसाठी ठरवलेलं प्रक्षेपण. त्याची प्रमाण अक्षवृत्तं १२.४७ आणि ३५.१७ अंशांच्या जवळ आहेत, मध्य रेखावृत्त ८० अंश. ती एकमेकांपासून जास्त लांब असल्यामुळे मध्य भारतात लांबी सुमारे २ टक्क्यांनी आक्रसते. सरकारी माहिती त्यात आली तर ती तशीच उघडा आणि छपाईसाठी प्रोजेक्टचं प्रक्षेपण वरच्या ओळीवर ठेवा. मूळ फाइल बदलावी लागत नाही.

७. यादीत Asia South Albers सापडलं. तेच निवडलं तर काम होईल ना?

नाही. आणि हे मी स्वतः चुकून शिकलो आहे.

पहिल्या मोठ्या नकाशाच्या वेळी मी नाव वाचलं, दक्षिण आशिया म्हणजे आपणच असं धरलं आणि ESRI:102028 निवडून कच्ची प्रत काढली. एका वाचनालयातल्या वयस्कर ग्रंथपालांनी ती टेबलावर पसरली, हाताने सुरकुती मोडली आणि म्हणाले, "देश डावीकडे कललाय, आणि काश्मीर चेपल्यासारखं का दिसतंय?" मी आधी कागदाचा दोष समजलो. घरी येऊन आकडे उघडले तेव्हा कळलं. त्या प्रक्षेपणाचं मध्य रेखावृत्त १२५ अंश पूर्व आहे आणि प्रमाण अक्षवृत्तं ७ अंश उत्तर आणि ३२ अंश दक्षिण. म्हणजे ते खंडाच्या दक्षिणेकडच्या, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशासाठी आहे. त्याचा शंकू दक्षिणेकडे मिटतो. बेळगावपाशी उत्तर दिशा डावीकडे दहा अंशांनी झुकते. लडाखच्या टोकाशी पूर्व-पश्चिम ३६ टक्के ताणली जाते आणि उत्तर-दक्षिण तेवढ्याच पटीत दाबली जाते.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या कागदावर क्षेत्रफळ एका चौरस किलोमीटरानेही चुकलं नव्हतं. समक्षेत्र असणं म्हणजे आकार बरा असणं नव्हे. प्रमाण अक्षवृत्तं चुकीची घेतली तर आल्बर्स आपलं वचन पाळतं, पण देश ओळखू येईनासा करतं. म्हणून प्रक्षेपणाचं नाव वाचून थांबू नका, आतले तीन आकडे पाहा: `lat_1`, `lat_2`, `lon_0`, आणि ते आपल्या देशाच्या आत पडतात का.

८. मध्य रेखावृत्त ८२.५ घ्यावं, ८० घ्यावं, की बेळगाव सरळ उभं दिसावं म्हणून ७४.५?

शंकू प्रक्षेपणात हे बदलल्याने विकृती बदलत नाही. अख्खा नकाशा कागदावर थोडा फिरतो, एवढंच. ८२.५ वरून ८० वर गेलात तर एका अंशाइतका, ७४.५ वर गेलात तर तीन अंशांइतका. ७४.५ घेतलं तर बेळगाव, खानापूर, संकेश्वर अगदी ताठ उभे राहतील, पण अरुणाचल साडेआठ अंशांनी कलेल आणि सगळा देश एका बाजूला झुकलेला वाटेल. एखाद्या गावातल्या लोकांनी हौसेने तसा मागितला तर करून देतो. एरवी ८२.५. मुख्य भूमीचा मध्य त्याच्या जवळ आहे आणि मुलांना ते भारतीय प्रमाणवेळेचं रेखावृत्त म्हणून ओळखीचं असतं.

यातूनच पुढचा प्रश्न येतो: उत्तर दिशेचा बाण कुठे काढायचा? देशाच्या शंकू नकाशावर एकच बाण खोटा ठरतो. उत्तर सरळ वर असते ती फक्त मध्य रेखावृत्तावर. बेळगावपाशी ती तीन अंश उजवीकडे, गुजरातच्या पश्चिम टोकाशी साडेपाच अंश उजवीकडे, अरुणाचलच्या पूर्व टोकाशी साडेपाच अंश डावीकडे. मी बाण काढत नाही, दर पाच अंशांची वृत्तजाळी काढतो. रेखावृत्तावर बोट वर सरकवलं की उत्तर सापडते.

९. कापड किती मोठं लागेल? आणि फ्लेक्सवाला म्हणाला, "थोडं ओढून बसवतो." चालेल?

भारत पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर ३,२१४ किलोमीटर. २५ लाखांत १ प्रमाणात रुंदी ११७ सेंटीमीटर, उंची १२९, आणि इंदिरा पॉइंटपर्यंत जायचं तर उंचीत आणखी चारएक. पाच फूट बाय पाच फूट कापडावर समास आणि शीर्षकासकट नीट बसतो. वर्गखोलीत चार बाय पाचचीच जागा असेल तर ३० लाखांत १ घ्या. २५ लाखांच्या प्रमाणात बेळगाव जिल्हा, १३,४१५ चौरस किलोमीटर, साडेएकवीस चौरस सेंटीमीटर जागा घेतो. म्हणजे तालुक्यांची नावं बारीक अक्षरात का होईना, बसतात.

ओढून बसवण्याबद्दल: पाच बाय पाचची फाइल पाच बाय सहाच्या कापडावर ताणली की उंची वीस टक्क्यांनी वाढते. लँबर्टचा सगळा अर्थ तिथेच संपतो, कारण कोन गेले. आल्बर्सचं थोडं नशीब चांगलं आहे. सगळीकडे सारखाच ताण बसल्यामुळे राज्याराज्यांमधलं क्षेत्रफळाचं गुणोत्तर टिकतं. पण नकाशाप्रमाण, अंतरं आणि देशाचा चेहरा तिन्ही जातात, म्हणून चालणार नाही हेच उत्तर. फाइलच्या कोपऱ्यात १० सेंटीमीटर बाजूचा चौरस छापायची सवय लावा. कापड ताब्यात घेताना पट्टी लावा. दोन्ही बाजू १०० मिलिमीटर आल्या तरच पैसे द्या. दोन्ही सारख्याच, पण ९७ आल्या, तर नुसता आकार लहान झाला आहे. तेव्हा प्रमाणाचा आकडा खोटा होतो, पण छापलेली प्रमाणपट्टी खरी राहते, कारण तीही सोबत आक्रसली. म्हणून आकड्यासोबत पट्टी नेहमी काढावी.

१०. या नकाशावर दोरी लावून अंतर मोजलं तर बरोबर येईल का?

जवळपास येईल, तंतोतंत नाही, आणि हे दोन्ही प्रक्षेपणांना लागू आहे. बेळगाव ते दिल्ली सरळ हवाई अंतर सुमारे १,४४५ किलोमीटर, कागदावर ५७८ मिलिमीटर व्हायला हवं. लँबर्टमध्ये ते ५७१ भरतं, कारण ही रेघ जवळपास सगळी मधल्या आक्रसलेल्या पट्ट्यातून जाते. आल्बर्समध्ये ५८४, कारण त्याच पट्ट्यात आल्बर्स उत्तर-दक्षिण ताणतं. एकाने पंधरा-सतरा किलोमीटर कमी सांगितलं, दुसऱ्याने तेवढंच जास्त. कुठलाही सपाट नकाशा सगळी अंतरं खरी दाखवू शकत नाही. मुलांकडून मोजून घ्यायचं असेल तर प्रमाणपट्टीखाली "एक-दोन टक्के कमी-जास्त" असं छापा. मी छापतो.

११. शाळेच्या कपाटात जुना नकाशा आहे, प्रक्षेपणाचं नाव लिहिलेलं नाही. आल्बर्स की लँबर्ट कसं ओळखू?

पट्टी घ्या. आधी पाहा की रेखावृत्तं सरळ आणि वर एकमेकांकडे झुकणारी आहेत आणि अक्षवृत्तं वक्र आहेत. तसं असेल तर बहुधा शंकू आहे. मग एकाच रेखावृत्तावर दोन मापं घ्या: ५ ते १० अंशांमधलं अंतर आणि २० ते २५ अंशांमधलं अंतर. लँबर्टमध्ये खालचं अंतर मधल्यापेक्षा जास्त असतं, २५ लाखांच्या प्रमाणात सुमारे २२६ विरुद्ध २१९ मिलिमीटर. आल्बर्समध्ये उलट, २१७ विरुद्ध २२५. सात-आठ मिलिमीटरांचा फरक साध्या पट्टीने कळतो. छोट्या नकाशावर फरक त्याच प्रमाणात बारीक होतो, आणि जुना कागद दमट हवेत फुगलेला असेल तर भरवसा कमी. दोन्ही मापं जवळपास सारखी आली तर समअंतर शंकू किंवा पॉलिकोनिक असू शकतं. सर्वेक्षण खात्याची जुनी स्थलदर्शक पत्रकं पॉलिकोनिकमध्ये असत. ते ना क्षेत्रफळ पूर्ण राखतं, ना कोन.

१२. माझ्या नकाशात राज्यं वळलेली दिसतात, पण अक्षवृत्तं सरळ रेघेतच आली. प्रक्षेपण लागू झालं नाही का?

झालं आहे. तुमच्या अक्षवृत्ताच्या रेघेला बहुधा दोनच बिंदू आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. सॉफ्टवेअर फक्त ते दोन बिंदू नवीन जागी नेतं आणि मध्ये सरळ रेघ ओढतं. वीस अंशांचं अक्षवृत्त देशाच्या पूर्ण रुंदीत घेतलं, तर मधला भाग टोकांपेक्षा २९ मिलिमीटर खाली यायला हवा. तेवढी रेघ चुकीच्या गावांवरून जाते. प्रक्षेपण बदलण्याआधी रेघेवर दर पाव अंशाला बिंदू घाला. QGIS मध्ये त्यासाठी Densify by interval आहे. कर्कवृत्ताची रेघ हाताने काढलेली असेल तर तिलाही हेच करा.

१३. लँबर्ट मग कुणाच्या कामाचं?

जिथे दिशा वाचायची असते त्यांच्या. विमानांचे दहा लाखांत १ प्रमाणाचे जागतिक नकाशे लँबर्टमध्ये काढतात, कारण त्यावर सरळ रेघ ही पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या वाटेच्या अगदी शेजारून जाते आणि रेखावृत्ताशी होणारा कोन खरा असतो. शाळेत मोसमी वाऱ्यांचा मोठा नकाशा लावायचा असेल, बाणच बाण असलेला, तर मीही लँबर्ट घेईन. पावसाचं प्रमाण रंगवायचं असेल तर मात्र पुन्हा आल्बर्स. एकाच भिंतीवर हे दोन नकाशे शेजारी लावले तर प्रमाण अक्षवृत्तं दोन्हींची एकच ठेवा, म्हणजे किनाऱ्याची रेघ जवळपास जुळते आणि मुलं गोंधळत नाहीत.

१४. अंदमान-निकोबार चौकटीत वेगळं काढलं तर जागा वाचते. हरकत आहे?

जागा वाचते, पण प्रमाण बदलू नका. वेगळ्या चौकटीत मोठं करून दाखवलेली बेटं आल्बर्सने मिळवलेला गुणच घालवतात. मला ती जागच्या जागी ठेवलेली आवडतात. इंदिरा पॉइंट ६ अंश ४५ मिनिटांवर असल्याने तिथे ताण जरा जास्त, सव्वादोन टक्क्यांच्या जवळ, पण बेटं एवढी लहान की त्याने काही दिसत नाही. लक्षद्वीपही विसरू नका. आणि देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत नकाशाप्रमाणेच घ्या, इकडून तिकडून उतरवलेल्या फाइलमधली नको.

१५. फक्त बेळगाव जिल्ह्याचा, किंवा कारवार ते बीदर एवढाच नकाशा करायचा असेल तर?

जिल्ह्यापुरता हा सगळा वाद मिटतो. UTM या सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत जग विभागणाऱ्या प्रक्षेपणाचा ४३ वा उत्तर विभाग, EPSG:32643, घ्या. तो ७२ ते ७८ अंश पूर्वेसाठी आहे आणि बेळगाव त्यात आरामात बसतं. तिथे क्षेत्रफळ, कोन, अंतर तिन्ही भिंतीवरच्या गरजेपुरते बरोबर येतात. कारवार आणि बीदर शहरंही त्याच विभागात येतात. अख्खं कर्नाटक थोडंसं ७८ च्या पलीकडे जातं, पण राज्याच्या नकाशासाठी तेही खपतं.

१६. शंकू प्रक्षेपण पूर्व-पश्चिम पसरलेल्या देशांसाठी चांगलं असं वाचलं. भारत तर जवळपास तेवढाच उंच आणि रुंद आहे. मग शंकूच का?

हा प्रश्न बी.एड. करणाऱ्या एका मुलीने पाठवला होता आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. आटोपशीर, गोलसर देशासाठी लँबर्ट यांचंच दुसरं प्रक्षेपण, समक्षेत्र खमध्य, आकाराच्या बाबतीत आल्बर्सपेक्षा सरस ठरतं. त्याचं केंद्र २२.५ उत्तर, ८२.५ पूर्व ठेवलं तर लडाखच्या टोकाशी ताण एक टक्क्याच्या आत राहतो. आल्बर्समध्ये तो २ टक्क्यांच्या थोडा वर आहे. क्षेत्रफळ दोन्हींत खरंच. नुसत्या आकड्यांवर ठरवायचं तर खमध्य जिंकतं.

तरी शाळेसाठी मी आल्बर्सच घेतो. त्यात चूक फक्त अक्षांशावर अवलंबून असते. एकाच अक्षवृत्तावरची गुजरात आणि बंगालमधली ठिकाणं सारखीच ताणली जातात. त्यामुळे नकाशाच्या कडेला, प्रत्येक अक्षवृत्तासमोर, इथे रुंदी किती टक्के कमी-जास्त हे छोट्या आकड्यात छापता येतं आणि आठवीतलं मूल ते वाचू शकतं. खमध्यात चूक केंद्रापासूनच्या अंतराने बदलते, रेखावृत्तं वक्र होतात आणि असा तक्ता कडेला मांडता येत नाही. ज्यांना फक्त सुंदर, कमीत कमी बिघडलेला देश हवा आहे, शिकवण्याचं ओझं नको आहे, त्यांनी प्रश्न ६ मधल्या ओळीऐवजी ही टाकावी:

```
+proj=laea +lat_0=22.5 +lon_0=82.5 +datum=WGS84 +units=m +no_defs
```

त्या मुलीने दोन्ही छापून घेतले. खमध्य तिच्या घरी आहे आणि आल्बर्स ती जिथे पाठ घेते त्या वर्गात.